खांदा दुखतो, पण दुखणे पोटात असते



मी सातपुड्याच्या डोंगरात, नंदुरबार जिल्ह्यातील एका लहान दवाखान्यात परिचारिका म्हणून काम करते. या अंकात मी एका अशा दुखण्याविषयी लिहिणार आहे, जे ओळखण्यात मी स्वतः एकदा चुकले. ती चूक जिच्या जिवावर बेतली असती ती बाई आज बरी आहे. घरातील लेकीसुनांना आणि गावोगावी काम करणाऱ्या आपल्या सेविकांना हे दुखणे वेळेवर ओळखता यावे, म्हणून ती हकिकत तुम्हाला सांगते.

मोहाची फुले वेचण्याचे शेवटचे दिवस होते. एका सोमवारी दवाखान्यात तीन मुलांची एक आई आली. वय तिशीच्या आतले. डाव्या बाजूला ओटीपोटात दुखते, असे ती म्हणाली. कुठे, असे विचारल्यावर तिने एका बोटाने नेमकी जागा दाखवली. जुलाब नाहीत, ताप नाही, लघवीला जळजळ नाही. पाळीचे विचारले तर म्हणाली, "आठ दिवसांपासून सुरूच आहे, पण थेंब थेंब." पोटात बाळ असण्याची शक्यता आहे का, असे मी विचारले. ती हसली. चार वर्षांपूर्वी तिचे कुटुंब नियोजनाचे ऑपरेशन झाले होते. मीही हसले, दुखण्याच्या गोळ्या दिल्या आणि चार दिवस डोक्यावरून ओझे वाहू नकोस म्हणून सांगितले.

माझी चूक इथेच झाली. तिने मला तीन गोष्टी सांगितल्या होत्या, आणि चौथीच्या भरवशावर मी त्या तिन्ही बाजूला सारल्या.

गर्भ चुकीच्या जागी रुजतो तेव्हा

स्त्रीच्या गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना सुमारे चार इंच लांबीची एकेक नलिका असते. तिला गर्भनलिका म्हणतात. स्त्रीबीज आणि पुरुषबीज यांचे मीलन या नलिकेतच होते. मग फळलेले बीज हळूहळू सरकत चार-पाच दिवसांत गर्भाशयात पोचते आणि तिथे रुजते. कधी कधी ते वाटेतच अडकते आणि नलिकेच्या भिंतीत रुजते. याला अस्थानिक गर्भधारणा म्हणतात. डॉक्टर मंडळी 'एक्टोपिक' म्हणतात. शंभर गर्भधारणांमध्ये साधारण एक किंवा दोन अशा असतात, आणि त्यांतील बहुतेक सगळ्या नलिकेतच असतात.

गर्भाशय हा ताणला जाणारा जाड स्नायू आहे; नऊ महिन्यांचे बाळ त्यात मावते. नलिका मात्र बारीक आणि पातळ असते. पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून वाढणारा गर्भ तिला आतून ताणू लागतो, त्याची मुळे तिच्या रक्तवाहिन्यांत शिरतात आणि थोडेथोडे रक्त पाझरू लागते. वेळीच उपचार झाले नाहीत तर नलिका फुटू शकते आणि पोटाच्या पोकळीत रक्तस्राव होतो. बहुधा हे शेवटच्या पाळीपासून सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास घडते. म्हणजे पोट दिसत नाही, बाळाची हालचाल नाही आणि अनेकींना आपण गरोदर आहोत याचाही पत्ता नसतो, अशा काळात.

सुरुवातीचे दुखणे एका बाजूला का असते, हे आता लक्षात येईल. ताण एकाच नलिकेला बसलेला असतो. साध्या गरोदरपणातही पहिल्या आठवड्यांत ओटीपोटात ओढल्यासारखे होते, पण ते बहुधा मधोमध, पाळीच्या कळांसारखे असते आणि येऊन जाते. बाई एका बोटाने एका बाजूची जागा दाखवते, दुखणे तिथून हलत नाही आणि दिवसागणिक वाढते, तेव्हा सावध व्हावे. प्रत्येक एकतर्फी दुखणे अस्थानिक गर्भाचेच असते असे नाही. बीजकोशावरच्या साध्या गाठीनेही असेच दुखते. पण तो फरक हाताने पोट तपासून कळत नाही, त्याला सोनोग्राफी लागते.

दुसरी खूण म्हणजे डाग. गर्भाशयात गर्भ नसला तरी गरोदरपणामुळे आतले अस्तर जाड झालेले असते, आणि ते थोडेथोडे सुटू लागते. हा स्राव बहुधा थोडा, काळपट किंवा तपकिरी असतो आणि दिवसेंदिवस चालतो. बाईला वाटते, पाळी उशिरा आली. म्हणून "पाळी आली का?" हा प्रश्न पुरेसा नाही. "नेहमीसारखी आली का, आणि त्याच्या आधीची नेहमीसारखी पाळी कधी आली होती?" असे विचारायला हवे. मी हे विचारले असते, तर ती भोंगऱ्या बाजाराच्या आठवड्यात आली होती, हे मला सोमवारीच कळले असते. भोंगऱ्या होळीच्या आधी भरतो. त्याला सात आठवडे होऊन गेले होते.

गुरुवारची सकाळ

बुधवारी संध्याकाळी ती लाकडाची मोळी घेऊन घरी आली. माझे सांगणे तिने ऐकले नव्हते, आणि तिच्या घरची चूल पाहता ऐकणे शक्यही नव्हते. रात्री डाव्या बाजूला एकदम जोराची कळ आली, घाम फुटला, आणि थोड्या वेळाने कळ कमी झाली. घरच्यांना वाटले, बरे झाले. नलिका ताणलेली असते तोवर जोरात दुखते. ती फुटली की ताण सुटतो, आणि कधी कधी दुखणे काही काळ उतरते. रक्तस्राव मात्र तेव्हाच सुरू झालेला असतो.

त्यानंतर तिला सारखे परसाकडे जावेसे वाटू लागले, पण काही होईना. सासूबाईंनी ओवा दिला. गर्भाशयाच्या मागे, गुदाशयाला लागून पोटाचा सर्वांत खोल भाग असतो. सांडलेले रक्त आधी तिथे साचते आणि गुदाशयावर दाब आणते. त्यामुळे हे दुखणे कित्येकदा पोट बिघडल्याचे समजले जाते.

पहाटे ती आडवी झाली आणि डावा खांदा दुखू लागला. तोही अगदी टोकाला, जिथे खांदा संपून दंड सुरू होतो तिथे. बसली की कमी, आडवी झाली की जास्त. नवरा म्हणाला, मोळी वाहिली म्हणून दुखतो. त्याने तेल लावून खांदा चोळला. सकाळी ती उठून बाहेर जायला निघाली आणि दारातच चक्कर येऊन पडली.

पाड्यावरच्या आमच्या सेविकेला बोलावणे गेले. तिने मला फोनवर हे सगळे ज्या क्रमाने घडले त्याच क्रमाने सांगितले. "खांदा" हा शब्द ऐकला आणि माझ्या पोटात गोळा आला.

पोटातले रक्त खांद्यात का दुखते

छाती आणि पोट यांच्यामध्ये स्नायूचा एक पडदा आहे. त्याला श्वासपटल म्हणतात. तो वरखाली होतो म्हणून आपण श्वास घेतो. गर्भात या पडद्याची जडणघडण मानेच्या पातळीवर सुरू होते, आणि नंतर तो खाली सरकतो. त्यामुळे त्याला संवेदना देणारी नस छातीतून निघत नाही. ती मानेतून, तिसऱ्या ते पाचव्या मणक्याच्या पातळीवरून निघून थेट खाली उतरते. खांद्याच्या टोकावरच्या त्वचेच्या नसाही मानेच्या त्याच भागातून निघतात.

पोटात सांडलेले रक्त बाई आडवी झाल्यावर वर सरकते आणि या पडद्याला खालून लागते. पडद्याला त्याने चुरचुर होते आणि नस मेंदूला निरोप पाठवते. पण त्याच वाटेने मेंदूला आजवर खांद्याचेच निरोप आलेले असतात. पडद्याची तक्रार सहसा येत नाही. म्हणून मेंदू ते दुखणे खांद्यावर टाकतो. प्रत्यक्षात खांद्याला काहीच झालेले नसते.

ओझ्याने दुखणारा खांदा आणि हा खांदा यांतला फरक यावरूनच कळतो. ओझ्याचा खांदा हात वर केला की दुखतो, दाबला की दुखतो, आणि निजल्यावर त्याला बरे वाटते. पोटातल्या रक्तामुळे दुखणारा खांदा हात हलवून दुखत नाही, दाबून दुखत नाही, चोळून कमी होत नाही, आणि निजल्यावर वाढतो. तो डावा असू शकतो किंवा उजवा. नलिका ज्या बाजूची फुटली त्याच बाजूचा खांदा दुखेल असे नाही.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. खांदा दुखणे ही उशिराची खूण आहे. रक्त पोटाच्या वरच्या टोकापर्यंत पोचले, असा तिचा अर्थ. शिवाय पुष्कळ बायकांना खांदा दुखतच नाही, तरी नलिका फुटते. म्हणून खांद्याची खूण दिसली तर एक क्षण दवडू नये, पण ती दिसेपर्यंत थांबूही नये. लांबलेली किंवा वेगळी आलेली पाळी, डाग आणि एका बाजूचे दुखणे, एवढ्यावरच तपासणी व्हायला हवी. सोमवारी या तिन्ही गोष्टी माझ्यासमोर होत्या.

ऑपरेशन झालेल्या बाईला गर्भ कसा राहतो

हा प्रश्न मला नंतर तिच्या नवऱ्याने विचारला, आणि त्याचा सूर चांगला नव्हता. त्याला बसवून मी जे सांगितले ते इथेही सांगते, कारण अशा वेळी बाईवर नाहक संशय घेतला जातो.

नसबंदीत दोन्ही नलिका बांधून कापतात. हे ऑपरेशन भरवशाचे आहे, पण फार थोड्या बायकांत काही वर्षांनी कापलेल्या जागी केसाएवढी वाट तयार होते. त्या वाटेने पुरुषबीज पलीकडे जाऊ शकते, कारण ते अतिसूक्ष्म असते. फळलेले बीज त्याहून कितीतरी मोठे असते. त्याला तिथून परत गर्भाशयाकडे येता येत नाही, आणि ते नलिकेतच रुजते. म्हणून नसबंदीनंतर गर्भ राहणे दुर्मीळ असले, तरी राहिलाच तर तो अस्थानिक असण्याची शक्यता बरीच जास्त असते. "ऑपरेशन झाले आहे" या उत्तराने मी निर्धास्त झाले. खरे तर त्याच उत्तराने मी सावध व्हायला हवे होते. तांबी बसवलेल्या बाईलाही हेच लागू पडते.

पूर्वी नलिकेला सूज किंवा जंतुसंसर्ग झालेला असणे, जननमार्गाचा क्षयरोग, नलिकेवरची शस्त्रक्रिया आणि आधीची अस्थानिक गर्भधारणा यांमुळेही धोका वाढतो. पण अस्थानिक गर्भ राहिलेल्या जवळजवळ निम्म्या बायकांत असे कोणतेच कारण सापडत नाही. म्हणून कारण दिसत नाही एवढ्यावरून शंका सोडू नये.

आणखी एका फसगतीविषयी सांगायला हवे. पाळी चुकली की काही बायका औषधांच्या दुकानातून गर्भपाताच्या गोळ्या परस्पर आणून घेतात. या गोळ्यांनी नलिकेतला गर्भ जात नाही. अंगावरून रक्त जाते, बाईला वाटते काम झाले, आणि आठवड्याने नलिका फुटते. गोळ्या घेऊन झाल्यावरही एका बाजूला दुखत असेल, तर न लाजता ते सांगावे आणि सांगणाऱ्या बाईला कोणी बोल लावू नयेत. ती गप्प राहिली तर डॉक्टरांची वाट चुकते.

त्या दिवशी आम्ही काय केले

सेविकेला मी फोनवर तीन गोष्टी सांगितल्या. तिला सपाट निजवून पाय उंच ठेव. तोंडाने चहा, पाणी, गोळी, काही देऊ नको, कारण ऑपरेशन लागेल. आणि तिची लघवी तपास. आशाताईंकडे गरोदरपण तपासण्याचा 'निश्चय' नावाचा किट असतो, तो तिच्याजवळ होता. लघवीचे थेंब टाकल्यावर पाच मिनिटांच्या आत दोन रेषा उमटल्या. त्याच वेळी मी 108 ला फोन केला. पाड्यापासून डांबरी रस्त्यापर्यंत गाडी जात नाही; चौघांनी तिला झोळीतून खाली आणले.

मी रस्त्यावर पोचले तेव्हा तिचे तळहात आणि ओठ पांढरे पडले होते. नाडी मिनिटाला 124, वरचा रक्तदाब 90. तरुण आणि कष्टाळू शरीर बराच रक्तस्राव होईपर्यंत रक्तदाब धरून ठेवते. आधी नाडी वाढते. म्हणून रक्तदाब ठीक दिसला तरी निर्धास्त राहू नये. उभे राहिल्यावर घेरी येत असेल आणि नाडी 100 च्या वर असेल, तर आतून रक्त जात आहे असे धरून चालावे. बाहेर कपड्यावर तर चार डागच होते. किती रक्त गेले याचा अंदाज कपड्यावरून करू नये.

शिरेतून सलाईन सुरू केले आणि गाडीतूनच मोठ्या रुग्णालयाला कळवले: पाळीला सात आठवडे, तपासणीत गर्भ आहे, खांदा दुखतो, घेरी आली, रक्तगट ओ पॉझिटिव्ह. हा फोन फार कामाचा ठरला. आम्ही पोचलो तेव्हा शस्त्रक्रियेची खोली तयार होती आणि रक्ताची सोय सुरू झाली होती. सोनोग्राफीत गर्भाशय रिकामे आणि पोट रक्ताने भरलेले दिसले. पोटातून सुमारे दीड लिटर रक्त निघाले. फुटलेली डावी नलिका काढून टाकली, दोन बाटल्या रक्त चढवले. सहाव्या दिवशी ती घरी गेली.

लवकर कळले असते तर

सोमवारीच मी लघवी तपासली असती, तर कदाचित नलिका फुटण्याआधीच निदान झाले असते. गर्भ अगदी लहान असेल आणि नलिका शाबूत असेल, तर मेथोट्रेक्सेट नावाचे इंजेक्शन देता येते; ते वाढत्या पेशींना थांबवते आणि गर्भ हळूहळू विरून जातो. पण त्यानंतर रक्तातील गर्भाचे संप्रेरक उतरत आहे की नाही, हे काही आठवडे पुन्हा पुन्हा तपासावे लागते, आणि मध्येच नलिका फुटली तर लगेच रुग्णालय गाठता यावे लागते. ज्या पाड्यावर झोळीशिवाय वाट नाही, तिथल्या बाईसाठी डॉक्टर कित्येकदा आधीच दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करणे पसंत करतात.

सोनोग्राफीचीही मर्यादा आहे. पाचव्या आठवड्याच्या सुमारास गर्भ इतका लहान असतो की तो आत आहे की बाहेर, हे पहिल्या तपासणीत दिसेलच असे नाही. तेव्हा 48 तासांनी रक्ताची तपासणी पुन्हा करतात. "काही दिसले नाही" म्हणजे "काही नाही" असे नव्हे. दुसऱ्या तपासणीला जायलाच हवे.

मंडळीतील काहींनी मला विचारले आहे, की तो गर्भ काढून गर्भाशयात ठेवता येत नाही का? येत नाही. तसे करण्याची कोणतीही पद्धत आज वैद्यकशास्त्राजवळ नाही, आणि नलिकेतला गर्भ तिथे वाढून जन्माला येत नाही. तिथे वाचवता येते ती आई. एक नलिका गेली तरी दुसरी चांगली असेल, तर पुढे मूल होऊ शकते. मात्र अशा बाईला पुन्हा दिवस गेले, तर सहाव्या-सातव्या आठवड्यातच सोनोग्राफी करून गर्भ जागेवर आहे ना, हे पाहावे, कारण पुन्हा तसे होण्याचा संभव इतरांपेक्षा जास्त असतो.

आमच्या भागात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत, आणि त्यांचे पोट वरचेवर दुखते. पूर्वी आम्ही "सिकलसेलचे दुखणे" म्हणून गोळी देत असू. आता आमच्या दवाखान्यात एकच नियम आहे: पंधरा ते पन्नास वयाची कोणतीही बाई पोट दुखते म्हणून आली, तर ऑपरेशन झालेले असो वा तांबी बसवलेली असो, पाळी सुरू असो वा सिकलसेल असो, आधी लघवीची तपासणी. दोन रेषा उमटल्या आणि एका बाजूला दुखत असेल, तर त्याच दिवशी सोनोग्राफीसाठी रवानगी. चक्कर किंवा खांदा असेल, तर दवाखान्यातही न आणता थेट रुग्णालय.

ती बाई मागच्या महिन्यात मुलाला खोकला झाला म्हणून दवाखान्यात आली होती. जाताना म्हणाली, "सिस्टर, पाड्यावर आता कोणाचा खांदा दुखला की सगळ्या मला विचारायला येतात." मग तू काय सांगतेस, असे मी विचारले. ती म्हणाली, "आधी विचारते, हात वर केल्यावर दुखतो की निजल्यावर?"